तिरळेपणा आणि आळशी डोळा: या चुका टाळा

लहान मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त राग एका वाक्याचा येतो: "मोठा झाला की आपोआप जाईल." हे वाक्य आजी म्हणते, शेजारी म्हणतात, कधीकधी घराजवळचे डॉक्टरही म्हणतात. कुणी तर तिरळेपणा शुभ असतो म्हणून सांगतं. तोवर मूल दोनाचं सहाचं होतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: वाट पाहणं

जन्मल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून सरकला तर घाबरायचं कारण नसतं. त्यानंतरही सरकत असेल, किंवा कुठल्याही वयात एक डोळा सतत आत किंवा बाहेर राहत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

घाई कशासाठी, ते नीट समजून घ्या. डोळा चित्र पकडतो, पण दिसतं ते मेंदूला, आणि मेंदू हे पहिल्या काही वर्षांत शिकतो. डोळे वेगवेगळ्या दिशांना पाहत असतील तर मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात. एकाच्या दोन वस्तू दिसू नयेत म्हणून लहान मुलाचा मेंदू तिरळ्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. रोज दाबलं गेलं की त्या डोळ्याची नजर घडतच नाही. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. डोळा आतून निरोगी दिसतो, चष्मा लावूनही फळ्यावरचं वाचता येत नाही.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1963 मध्ये मांजरीच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाची एक पापणी दोन-तीन महिने शिवून ठेवली आणि मग उघडली. डोळा ठीक होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ कुठल्याच पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नव्हत्या. त्या डोळ्याची जागा सतत उघड्या राहिलेल्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरीचा डोळा तीन महिने बंद ठेवला तरी असं झालं नाही. या दोघांना 1981 चं नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात मेंदू असा घडण्याचा काळ काही वर्षांचा असतो, जितका लवकर तितका लवचिक.

आणखी एक कारण आहे, आणि ते मी प्रत्येक पालकाला सांगते. डोळ्याच्या पडद्यावरची कॅन्सरची गाठ, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, कधीकधी आधी तिरळेपणा म्हणूनच दिसते. म्हणून तिरळ्या मुलाचा पडदा थेंबांनी बाहुली मोठी करून तपासलाच पाहिजे. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली तर एक दिवसही थांबू नका.

काही बाळांच्या नाकाचा पूल रुंद असतो, त्यामुळे सरळ डोळेही आत वळल्यासारखे वाटतात. समोरून टॉर्च धरा. प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्याच जागी पडला तर बहुधा भास आहे. तरीही एकदा तपासून घ्या, घरच्या टॉर्चवर विसंबून बसू नका.

बाहुली मोठी न करता नंबर काढणं

मुलं फोकस करायला जोर लावून प्लस नंबर लपवतात. मशीनवर दोन मिनिटांत काढलेला नंबर मला चालत नाही. थेंब किंवा मलम घालूनच खरा नंबर कळतो. दोन-तीन वर्षांच्या वयात आत वळू लागलेल्या बऱ्याच डोळ्यांचं मूळ या प्लस नंबरातच असतं. पूर्ण नंबराचा चष्मा दिवसभर लावला की डोळा सरळ राहतो. "चष्म्याने नंबर वाढेल" म्हणून तो फक्त शाळेपुरता लावणं हा शुद्ध तोटा आहे.

दुसरी मोठी चूक: पट्टी नावाला लावणं

आळशी डोळ्याला काम करायला लावायचं म्हणून चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात. पाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. उजव्या डोळ्याला +2, डाव्याला +5. डावा आत वळायचा. चष्मा लावून उजवा 6/9 वाचायचा, डावा फक्त 6/36; खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. काही आठवडे चष्मा वापरून झाल्यावर रोज सहा तास उजव्या डोळ्याला पट्टी सांगितली होती. आई मन लावून करणारी, वहीत रोजची वेळ लिहिलेली. तरी पुढच्या दोन भेटींत डावा डोळा तिथेच, 6/36.

उत्तर तपासणीच्या खोलीत मिळालं नाही, बाहेरच्या बाकावर मिळालं. मुलगा मोबाईल पाहत होता, हनुवटी छातीला टेकलेली, आणि चष्म्याच्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीच्या वरून उजव्या डोळ्याने मजेत पाहत होता. म्हणजे सहा तासांपैकी डाव्या डोळ्याने काम जवळजवळ केलंच नव्हतं.

आम्ही पट्टी काचेवरून काढली आणि सरळ कातडीवर चिकटवली, वरून चष्मा. पहिले काही दिवस रडारड झाली, कारण आता खरंच कमी दिसत होतं. आईने सहा तासांचे तुकडे केले आणि त्या वेळात मणी ओवणं, रेघेत रंग भरणं, तांदळातले खडे निवडणं अशी कामं दिली. चार महिन्यांत डावा डोळा 6/12 ला आला. नंबर तोच, तास तेच. पट्टीची जागा तेवढी बदलली होती.

म्हणून माझी सवय: लहान मुलाला पट्टी कातडीवरच. पट्टी लावल्यावर मूल कुरकुरत नसेल आणि मान वाकडी करत असेल, तर ते फटीतून पाहतंय असं धरून चाला. घरी अंदाज घ्यायचा असेल तर टीव्ही पाहताना एकेक डोळा तळहाताने झाका. चांगला डोळा झाकल्यावरच मूल हात ढकलत असेल, तर दुसऱ्या डोळ्याने त्याला नीट दिसत नाही.

आणि तास मनाने वाढवू नका. मध्यम प्रमाणात नजर कमी असेल तर दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, हे अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. दिवसभर डांबून ठेवल्याने कधीकधी चांगल्याच डोळ्याची नजर उतरते, म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही. पट्टी मुलाला अजिबात सहन होत नसेल तर चांगल्या डोळ्याची नजर काही काळ धूसर करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब हा पर्याय आहे, तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

ऑपरेशन म्हणजे सगळं झालं, असं समजणं

ऑपरेशन डोळ्याच्या स्नायूंची जागा बदलतं. दबलेली नजर त्याने उघडत नाही. बहुतेक वेळा आधी चष्मा आणि पट्टी, मग सर्जन. डोळे सरळ झाले म्हणून पट्टी सोडणाऱ्या पालकांना मी स्पष्ट सांगते की फोटो चांगला येईल, नजर तशीच राहील.

व्हिडिओ पाहून डोळ्यांचे व्यायाम

गाजर, त्राटक, बुबुळं गोल फिरवणं: यांपैकी कशानेही आळशी डोळा बरा होत नाही. त्यात जातात ते महिने परत मिळत नाहीत.

"आता आठ वर्षं झाली, काही उपयोग नाही"

हेही चूक. सात ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत चष्म्यासोबत पट्टी आणि थेंब दिल्यावर साधारण निम्म्या मुलांची नजर सुधारली, नुसत्या चष्म्याने पाव मुलांची. त्याहून मोठ्या मुलांतही, आधी कधीच उपचार झाले नसतील तर, प्रयत्न करून पाहावा. मात्र फायदा कमी आणि मेहनत जास्त. दोन्ही डोळे मिळून खोली जाणण्याची क्षमता तर उशिरा क्वचितच हाती लागते.

नजर आली की पट्टी एकदम बंद करणं

उपचार थांबवल्यावर सुमारे चारातल्या एका मुलाची नजर वर्षभरात पुन्हा घसरते. सहा तासांवरून थेट शून्यावर आणल्यास धोका वाढतो. मी आधी दोन तासांवर आणते, काही आठवडे पाहते, मग सोडते. त्यानंतरही वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तक्ता वाचून घेते, तोही पूर्ण ओळीचा. आळशी डोळा एकेकटं अक्षर ओळखतो आणि ओळीत अडकतो, म्हणून सुटी अक्षरं दाखवून "बरा झाला" म्हणणाऱ्या तपासणीवर समाधान मानू नका.