अहवालवाचनात जमाखर्च कसा मांडावा?

स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक अख्खा ताळेबंद वाचू लागले की पालकांची चुळबुळ सुरू होते. तो सूचनाफलकावर लावा आणि मंचावरून वर्गणीतून झालेलं एकच काम सांगा. समजा, पाण्याच्या टाकीसाठी 60,000 रुपये जमले, 54,300 खर्च झाले, उरलेले 5,700 नळदुरुस्तीला ठेवले. हे तीन आकडे आणि कामाआधीचा-नंतरचा फोटो एकत्रच पडद्यावर दाखवा. दोन्ही फोटो एकाच जागेवरून हवेत. म्हणजे पहिला फोटो गवंडी येण्याआधीच काढून ठेवायचा. नेमका तोच राहून जातो.

दहावीच्या निकालातही ‘96 टक्के’पेक्षा ‘50 पैकी 48 उत्तीर्ण’ लगेच कळतं. राहिलेल्या दोघांची नावं मात्र घेऊ नका. पुरवणी परीक्षेत ते सुटले का, एवढंच सांगा.