वॅफल चार्टने साक्षरता दाखवताय? या चुका टाळा

दहा ओळी, दहा रकाने, शंभर चौकोन आणि त्यातले त्र्याहत्तर गडद. टक्केवारीचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनाही हे चित्र कळतं, कारण त्यांना फक्त मोजायचं असतं. म्हणूनच सर्वसामान्य लोकांना साक्षरतेसारखं प्रमाण दाखवायला मी पाय चार्टऐवजी वॅफल चार्ट वापरतो. पण लोक खरोखर चौकोन मोजतात, हे चार्ट बनवणारेच विसरतात. ‘अंदाजे दिसलं की झालं’ म्हणून पंधरा मिनिटांत उरकलेले चार्ट मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय, आणि चुका त्याच त्याच असतात.

शंभर कोण, हे न सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीही केली आहे.

एका प्रदर्शनासाठी मी 2011 च्या जनगणनेवरून मोठं पोस्टर केलं होतं. 73 चौकोन निळे, 27 पांढरे, आणि वर ठळक अक्षरांत: ‘भारतातले 100 लोक घेतले, तर 73 साक्षर’. दुपारी एक वयस्कर बाई पोस्टरसमोर थांबल्या. बोट ठेवून त्यांनी पांढरे चौकोन मोजले आणि विचारलं, “भाऊ, ह्यात पाळण्यातली लेकरं कुठं आहेत?” मी पटकन म्हणालो, “पांढऱ्यातच आहेत, मावशी.” त्या म्हणाल्या, “मग लेकरं सोडली तर मोठ्यांत अडाणी थोडेच उरले की!” मान डोलावून त्या पुढे गेल्या. मी मात्र संध्याकाळी तक्ते उघडले आणि घाम फुटला. माझं उत्तर चूक होतं, पोस्टरचं शीर्षकही चूक होतं, आणि त्या चुकीचा अंदाज घेऊन बाई घरी गेल्या होत्या.

त्या आकड्यांमागचा हिशेब असा. 2011 ला देशाची लोकसंख्या सुमारे 121 कोटी होती. त्यातले साक्षर सुमारे 76 कोटी. 0 ते 6 वर्षांची मुलं साधारण साडेसोळा कोटी. जनगणना साक्षरता दर काढताना ही मुलं भागाकारातून वगळते. उरतात साधारण साडेएकशेचार कोटी, आणि 76 कोटींना त्यांनी भागलं की 73 टक्के येतात. म्हणजे माझ्या पांढऱ्या 27 चौकोनांत पाळण्यातलं एकही मूल नव्हतं. ते सगळे 7 वर्षांच्या पुढचे निरक्षर होते.

आणि ‘भारतातले 100 लोक’ खरंच घेतले, तर साक्षर 63 निघतात. त्यासोबत 7 वर्षांच्या पुढचे निरक्षर 23 आणि लहान मुलं 14. माझ्या शीर्षकामुळे पूर्ण एक ओळ जास्त रंगली होती.

तेव्हापासून मी ठरवून दोनपैकी एकच करतो. 73 चा चार्ट असेल तर शीर्षकातच लिहितो, ‘7 वर्षे व त्यापुढच्या दर 100 जणांपैकी 73 साक्षर’. तळटीपेत नाही, शीर्षकात. तळटीप मागच्या रांगेतून वाचता येत नाही. आणि ‘देशातले सगळे लोक’ असं म्हणायचंच असेल, तर तीन छटा वापरतो: 63 गडद, 23 फिकट आणि लहान मुलांचे 14 चौकोन नुसत्या कडेचे, आत रिकामे. मला स्वतःला हा दुसरा चार्ट जास्त आवडतो, कारण त्या बाईंचा प्रश्न त्यात आधीच सुटलेला असतो.

याच कारणाने 1951 चा 18 चौकोनांचा चार्ट आणि 2011 चा 73 चा चार्ट शेजारी लावताना जपा. 1951, 1961 आणि 1971 चे दर 5 वर्षे व त्यापुढच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, 1981 पासूनचे 7 वर्षे व त्यापुढच्या. जाळ्या दिसायला सारख्याच, पण आतले शंभर जण वेगळे. शेजारी लावा, हरकत नाही, पण प्रत्येक जाळीखाली वयाची अट लिहा.

रिकाम्या चौकोनाला ‘अशिक्षित’ किंवा ‘शाळेत न गेलेले’ असं नाव देणं ही याचीच धाकटी बहीण. जनगणनेत कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा माणूस साक्षर. तो शाळेत गेला नसला तरी साक्षर, आणि नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही तो निरक्षर.

एक चौकोन कमी का रंगला?

बहुतेक जण हा चार्ट एक्सेलमध्ये करतात. मीही तिथेच करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण एखादा चौकोन हातून निसटतो, आणि शंभरातला एक म्हणजे इथे एक टक्का.

`A1` ते `J10` या पट्ट्यात 1 ते 100 आकडे भरायचे. मी ते खालून वर भरतो. डावीकडच्या तळाच्या घरात 1, वरच्या उजव्या कोपऱ्यात 100. हे सूत्र `A1` मध्ये लिहून सगळ्या पट्ट्यात ओढलं की काम होतं:

```
=(10-ROWS(A$1:A1))*10+COLUMNS($A1:A1)
```

मग `L1` मध्ये दर लिहायचा आणि पूर्ण पट्टा निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नियम द्यायचा. इथे दहातले नऊ जण `=A1<=$L$1` एवढंच लिहितात. आता `L1` मध्ये 72.99 असेल तर काय होईल बघा. 73 व्या चौकोनात 73 हा आकडा आहे, आणि 73 हा 72.99 पेक्षा मोठा. चौकोन कोराच राहतो. शीर्षक सांगतं 73, चित्रात दिसतात 72. पहिल्या रांगेतलं एखादं चौकस पोर ते मोजून दाखवतं, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नियम असा हवा:

```
=A1<=ROUND($L$1,0)
```

एकही चौकोन रंगला नाही तर बहुधा डॉलरची चिन्हं राहिली आहेत, त्यामुळे प्रत्येक घर वेगळ्याच रिकाम्या घराशी तुलना करतंय. फक्त एकच चौकोन रंगला तर `L1` मध्ये टक्क्याचं चिन्ह आलंय. 72.99% म्हणजे एक्सेलच्या लेखी 0.7299, आणि त्याचं पूर्णांकात रूपांतर झालं की 1. आकडा साधा 72.99 असा लिहा. शेवटी घरांना `;;;` हा फॉरमॅट दिला की आतले आकडे लपतात आणि रंग तेवढा राहतो.

हा खटाटोप नको म्हणून हाताने घरं रंगवणारे असतात. एका चार्टपुरतं ते चालेलही. पण आकडा बदलला की पुन्हा मोजायचं, पुन्हा रंगवायचं, आणि आकडा बदलतोच. याच जनगणनेचा आधी आलेला तात्पुरता दर 74.04 होता, अंतिम दर 73 च्या आसपास आला. दोन पोस्टरांवर दोन वेगळे आकडे लागले तर लोक तुम्हालाच विचारणार. कुठला आकडा घेतलाय ते आधी ठरवा, आणि सगळीकडे तोच ठेवा.

तीन गट, आणि चौकोन नव्व्याण्णव

दोनच गट असतील तर एक रंगवला की दुसरा आपोआप उरतो. तीन गट झाले की पंचाईत. समजा, वाटणी 46.4, 31.3 आणि 22.3 अशी आहे. प्रत्येक आकडा वेगवेगळा पूर्णांकात आणला तर 46, 31 आणि 22. बेरीज 99. एक चौकोन बेवारस राहतो. कधी याच्या उलट बेरीज 101 होते आणि शेवटच्या गटाचा एक चौकोन गुपचूप कापला जातो.

उतावळी मंडळी हा चौकोन सगळ्यात मोठ्या गटाला देऊन टाकतात. मी तसं करत नाही. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे: 46, 31, 22. उरलेला चौकोन ज्याचा सोडलेला अपूर्णांक सगळ्यात मोठा त्याला द्यायचा. इथे .4, .3, .3 पैकी .4 मोठा, म्हणून 47, 31, 22. या उदाहरणात तो मोठ्याच गटाला गेला, पण दरवेळी तसं होत नाही. आकडे 46.2, 31.2 आणि 22.6 असते तर शेवटच्या लहान गटाला 23 मिळाले असते.

आणि 0.3 टक्क्याचा गट असेल तर तो या जाळीत दिसणारच नाही. त्याला दयेपोटी एक चौकोन दिलात तर तो तिप्पट मोठा दिसेल. तो गट वाक्यात सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

चौकोन विखरून रंगवू नका. विखुरलेले 73 आणि विखुरलेले 65 डोळ्यांना सारखेच दिसतात. सलग रंगवले की ‘सात ओळी आणि वर तीन’ असं पाहताक्षणी वाचता येतं. मी पाचव्या रकान्यानंतर किंचित जास्त जागा सोडतो, त्याने मोजणं आणखी सोपं होतं.

स्त्री-पुरुष तुलनेला दोन जाळ्या, एकाच आकाराच्या, एकाच दिशेने भरलेल्या. 2011 ला पुरुष सुमारे 81, स्त्रिया सुमारे 65. फरक 16 चौकोनांचा, म्हणजे 16 टक्के-बिंदूंचा. त्याला ‘16 टक्के कमी’ म्हणू नका. लोकांचं लक्ष रिकाम्या चौकोनांकडेही वळवा: 19 आणि 35, जवळजवळ दुप्पट. माझ्या अनुभवात सभागृहात कुजबुज याच आकड्यावर होते.

लाल-हिरवी जोडी नको. रंगांधळेपणात नेमकी हीच जोडी गोंधळते, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही करडे होतात. एकाच रंगाची गडद आणि फिकट छटा पुरते.

चौकोनांऐवजी माणसांची चित्रं टाकायचा मोह बहुतेकांना होतो. लांबून ती ठिपक्यांसारखी दिसतात. चौकोनच ठेवा.

एक्सेलची घरं मुळात आडवी असतात. पेज लेआउट व्ह्यूमध्ये जाऊन रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची दोन्ही सेंटिमीटरमध्ये सारखीच द्या. नंतर स्लाइडवर चित्र ओढताना कोपऱ्यालाच धरा, बाजूला धरलंत की चौकोनांच्या विटा होतात.

सात-आठ जनगणनांचा प्रवास दाखवायचा असेल तर आठ जाळ्या मांडू नका. तिथे साधी रेषा काढा, आणि वॅफल फक्त शेवटच्या वर्षाला ठेवा.

छापायला पाठवण्याआधी मी एक प्रत काढतो आणि ज्याने हा चार्ट आधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी देतो. त्याला दोनच प्रश्न विचारतो: गडद चौकोन किती, आणि हे शंभर जण कोण? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर फाइल पुन्हा उघडतो आणि शीर्षक बदलतो.