डुकरांत ताप शिरला की होणाऱ्या तीन चुका: सुई, कप्पा आणि खड्डा

धरा, तुमच्याकडे १४ डुकरं आहेत: दोन माद्या, एक नर आणि अकरा वाढीची. सकाळी एक मादी खात नाही. अंग तापलंय, कान आणि पोटाखालची कातडी लालसर-जांभळी दिसतेय. दुसऱ्या दिवशी ती मेलेली सापडते आणि आणखी दोघं कोपऱ्यात एकमेकांवर पडून राहतात.

इथं पहिली चूक होते. कोणीतरी म्हणतं, "काहून थांबता भाऊ, सगळ्यांलेच एक-एक इंजेक्शन मारून द्या." मग एकच सिरिंज, एकच सुई आणि १४ जनावरं. हा ताप विषाणूचा असेल तर अँटिबायोटिकनं तो उतरत नाही, पण आजारी डुकराच्या रक्तात विषाणू भरभरून असतो आणि सुईला लागलेला थेंब पुढच्याला पुरतो. आफ्रिकन स्वाइन फीवर हा असाच डुकरांना मारणारा विषाणूचा ताप, तो कळपात एरवी सुरुवातीला सावकाश फिरतो. सुईनं आपणच त्याची वाट सोपी करतो. घाईघाईत लस टोचण्याचंही तसंच. आपल्याकडे लस आहे ती क्लासिकल स्वाइन फीवर या दुसऱ्या विषाणूच्या तापाची, आफ्रिकनवर ती चालत नाही. नुसत्या लक्षणांवरून हे दोन ताप ओळखू येत नाहीत, भल्या डॉक्टरलाही नाही. त्यासाठी पशुवैद्यकानं घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. आफ्रिकन तापाची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. म्हणून सुई बाजूला ठेवा, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा, नाहीतर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आत काय झालंय ते पाहायला मेलेलं डुक्कर घरी फाडू नका. सांडलेलं रक्त म्हणजे विषाणूचं बी.

दुसरी चूक वेगळं ठेवण्याची. आजारी डुक्कर शेजारच्या रिकाम्या गोठ्यात नेलं, की "वेगळं केलं" असं वाटतं. नेताना ते वाटभर लघवी, शेण, लाळ सांडत गेलेलं असतं. त्यापेक्षा आजारी जिथं आहे तिथंच राहू द्या. शक्य असेल तर निरोगीच मधला एक कप्पा मोकळा ठेवून वरच्या अंगाला सरकवा, म्हणजे आजाऱ्यांकडचं पाणी त्यांच्याकडे येणार नाही. पण शेडबाहेर एकही जनावर जाता कामा नये. विक्रीला तर नाहीच. पडेल भावात उचलून नेणारा व्यापारी याच दिवसांत हटकून येतो, आणि त्याची गाडी पुढच्या गावातही जाते.

चारा-पाणी एकच माणूस करत असेल तर आधी निरोगी, मग आजारी, आणि परत उलट फिरायचं नाही. आजाऱ्यांसाठी बादली, खराटा, गमबूट वेगळे. दाराशी नुसतं फिनाइल शिंपडून काही होत नाही. शेण खरवडून धुतल्याशिवाय कोणतंही औषध विषाणूपर्यंत पोचत नाही. धुतल्यावर २ टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फरशीवर अर्धा तास राहू द्या. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. हॉटेलचं खरकटं त्याच दिवसापासून बंद.

तिसरी चूक सर्वात महागात पडते: मेलेलं नाल्यात किंवा शिवाराच्या कडेला टाकणं. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं हा गुन्हा आहे. त्याहून मोठी भीती आपल्या शिवारातल्या रानडुकरांची. त्यांना हा रोग लागला, की पुढं कोणाच्या शेडला किती कुंपण घालणार? मांस वाटून खाणंही तसंच. माणसाला काही होत नाही, पण हाडं-कातडी पुन्हा डुकरांपर्यंत पोचते.

पशुधन अधिकारी येईपर्यंत मेलेलं ताडपत्रीखाली झाका, कुत्री लांब ठेवा. पुरणं त्यांच्या देखरेखीखाली. १४ डुकरांना साधारण ७ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ९ फूट खोल खड्डा लागतो. जेसीबी विहीर-नाल्यापासून दूर, उंच मुरमाड जागेवर लावा. काळ्या कापसाच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येतं आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती टाळलेली बरी. चुना थेट अंगावर ओतला तर कुजणं मंदावतं. आधी हातभर माती, मग चुन्याचा थर, मग पूर्ण माती आणि वर दीड-दोन फुटांचा उंचवटा. तो पुढच्या आठवड्यांत खचतो, तेव्हा पुन्हा भर घाला. शेडमधलं भिजलेलं तणस आणि उरलेला चाराही त्याच खड्ड्यात जातो.

आफ्रिकन तापाची खात्री झाली तर १ किलोमीटरच्या परिघातली डुकरं सरकार मारतं, आणि नुकसानभरपाई मिळते ती अशा मारलेल्यांची. कळवण्याआधी मेलेली त्यात सहसा धरली जात नाहीत. ज्यानं तीन दिवस लपवलं, त्याच्या १४ पैकी भरपाईला किती उरतील, ते त्याच तीन दिवसांत ठरतं.