वायरलेस चार्जर बिघडला नव्हता, आड येत होती पत्र्याची चकती

रात्री फोन पॅडवर ठेवायचा आणि सकाळी चार्जिंग तेवढंच. पॅडचा दिवा लुकलुकायचा, फोन नुसता गरम व्हायचा. शेवटी कव्हर काढून ठेवला, तर लगेच चार्ज व्हायला लागला! कव्हरच्या आत गाडीतल्या मॅग्नेट होल्डरसाठी लावलेली पत्र्याची चकती होती, नेमकी कॉइलसमोर. पॅडच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यातच वीज फिरते, तो तापतो आणि पॅड सुरक्षेसाठी चार्जिंग थांबवतो.

चकती काढली, तरी जाड कव्हरातून चार्जिंग मध्येच तुटायचं. साधारण तीन मिलिमीटरच्या पुढे जाडी गेली की पकड सुटू शकते. आता पातळ कव्हर घेतलंय. फोन हळूहळू सरकवून चार्जिंग सुरू होते ती जागा शोधली आणि पॅडवर तिथे पेनाने खूण केली.