जेवताना नवरा (किंवा बायको) सतत मोबाइलमध्ये असेल तर काय करायचं : सुरुवात फक्त रात्रीच्या जेवणापासून

आख्खी संध्याकाळ मोबाइल बंद, रविवारी मोबाइलला सुट्टी असले मोठे नियम करू नका, ते चार दिवसांत मोडतात आणि मग "तुझं नेहमीचंच" असं भांडण वर होतं. एकच वेळ धरा, रात्रीचं जेवण, ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटंच होतात, पण रोज होतात. माझ्या मावसबहिणीच्या घरी हे बसलंय म्हणून तिचंच उदाहरण घेऊन सांगते. तिच्या मिस्टरांचा चादरी-टॉवेलचा होलसेलचा धंदा आहे, ती स्वतः शाळेत शिकवते, आणि दिवसभरात दोघं समोरासमोर येतात ते रात्री जेवायलाच.

आधी नुसतं बघा, बोलू नका

चार-पाच दिवस फक्त लक्ष ठेवा की मोबाइल कधी हातात येतो आणि कशासाठी. त्यांचा फोन उघडून चेक करायचा नाही हां, त्यानं विश्वास जातो आणि पुढचं सगळंच अवघड होतं. समोर बसून जेवढं दिसतं तेवढं पुरतं.

बहिणीला दिसलं ते असं. बाहेरगावच्या पार्ट्यांचे ऑर्डरचे मेसेज साडेनऊपर्यंत येत राहतात, हे काम झालं. मग एरियाच्या ग्रुपवर पाणी कधी सुटणार त्याचा मेसेज, आता आपल्या सोलापुरात पाणी रोज येत नाही म्हटल्यावर तो बघावाच लागतो, त्यात कुणाची चूक नाही. पण या दोन्हींसाठी मोबाइल उचलला की तो खाली जायचाच नाही, मेसेज बघून झाला की बोट आपोआप रील्सवर जायचं. म्हणजे मोबाइल उचलण्याचं कारण खरं असतं आणि पुढची पंधरा मिनिटं बिनकारणाची असतात. हा फरक कळला की "तुम्ही सारखं मोबाइलमध्येच असता" असं सरसकट बोलायची वेळ येत नाही, कारण तसं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो की धंदा कोण करणार मग, आणि ते खरंच असतं.

ताटावर दोघं एकत्र बसताय का?

ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. आपल्याकडे बायको तव्याजवळ, गरम भाकरी एकेक करून वाढणार, आणि नवरा बाहेर ताटावर एकटा. एकटा माणूस जेवताना बोलणार कुणाशी, तो मोबाइल घेणारच, आणि ती शेवटी जेवायला बसते तेव्हा याचं जेवण उरकलेलं असतं. अशा घरात मोबाइल बाजूला ठेवायला सांगून काय उपयोग, समोर माणूसच नाही!

म्हणून आधी स्वयंपाकाचा क्रम बदला. बहिणीनं भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायला सुरुवात केली, आठवड्यातले दोन दिवस तर सरळ कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि गरम आमटी, म्हणजे कुणालाच तव्याजवळ उभं राहायला नको. मिस्टर सुरुवातीला गरम भाकरीसाठी कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली गरम पाहिजे तर तुम्ही वाढा, मी आधी बसते. पाणी, मीठ, कांदा सगळं बसायच्या आधीच ताटाजवळ आणून ठेवायचं, नाहीतर एक जण उठतो आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या हातात मोबाइल येतो.

विषय काढायची वेळ आणि शब्द

मोबाइल हातात असताना विषय काढू नका, ताटावर तर नाहीच, आणि सासूबाईंसमोर किंवा मुलांसमोर अजिबात नाही. दोघांचंही पोट भरलेलं असताना, सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारताना किंवा उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुण घातल्यावर बोला. बहीण साधारण असं बोलली:

"अहो, एक सांगू का? दिवसभर शाळेत डोकं उठतं, रात्री तुमच्याशी बोलावंसं वाटतं, पण तुम्ही मोबाइलमध्ये असलात की मला एकटीनंच जेवल्यासारखं होतं. जेवण होईपर्यंत आपण दोघंही मोबाइल हॉलमध्ये ठेवूया का? ऑर्डरचं कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

यात तक्रार त्यांच्या स्वभावाची नाही, तिला काय होतं ते सांगितलंय, आणि "दोघंही" आहे. तिचाही शाळेचा ग्रुप असतोच की. शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं कारण अडचण कशी सोडवायची ते त्यांच्याच हातात दिलं. त्यांनीच सुचवलं की ऑर्डर बघून पावणेदहाला बसू, आधी ते साडेनऊला बसायचे. पंधरा मिनिटं पुढे ढकलल्यानं निम्मा प्रश्न तिथंच सुटला.

मोबाइल ठेवायचा कुठं

ताटाशेजारी उलटा करून ठेवलेला चालत नाही, समोर असला की हात जातोच आणि थरथरला की बोलणं तुटतं. दुसऱ्या खोलीत ठेवा, चार्जिंगला लावलेला असला तर उत्तम, नजरेआड पण रिंग ऐकू येईल असा.

"अर्जंट फोन आला तर" ही भीती खरी असते, तिची सोय करा म्हणजे वाद राहत नाही. अँड्रॉइडमध्ये Do Not Disturb लावायचं आणि त्यात स्टार केलेल्या नंबरचेच कॉल येऊ द्यायचे, म्हणजे आई-वडील, मुलं, दुकानातला माणूस. तिथंच परत कॉल करणाऱ्याला परवानगी द्यायचा पर्याय असतो, तो चालू ठेवला की पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर रिंग वाजते. खरंच अर्जंट असलेला माणूस दुसऱ्यांदा करतोच. मेसेज मात्र गप्प राहतात, आणि आपल्याला तेच पाहिजे. पाण्याचा मेसेज बसायच्या आधी एकदा बघून घ्यायचा.

टीव्हीही बंद बरं का, नाहीतर मोबाइलऐवजी मान तिकडं वळते.

पहिले काही दिवस अवघड जातील

बोलायला काही सुचत नाही, दोघं ताटाकडे बघत बसतात. घाबरू नका, आणि त्या शांततेत घराचे हप्ते, मुलाचे मार्क, नणंदेचं लग्न असले विषय मात्र काढू नका, कारण जेवण म्हणजे हिशोब असं वाटलं की माणूस परत मोबाइलकडे पळतो. "आज कसा गेला दिवस" याला "बरा" एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा नेमकं विचारा, "त्या हैदराबादच्या पार्टीनं माल उचलला का?" मग ते बोलतात, आणि बोलले की मध्ये सल्ला न देता ऐकायचं.

मोबाइल परत आलाच ताटावर, आणि येणारच, तर ओढून घेऊ नका, टोमणा नको. "काही अर्जंट आहे का? झालं की ठेवा, मी थांबते" एवढं म्हणून जेवण थांबवा. आणि हात धुतल्यावर मोबाइल घेतला तर काहीही बोलायचं नाही, ठरलेली वेळ संपली म्हणजे संपली. तिथंही कुरकुर केली तर समोरच्याला वाटतं की ही मागणी कधी संपणारच नाही.

जमतंय हे कशावरून ओळखायचं? रोज पाळलं का ते मोजत बसू नका. ते आपणहून काहीतरी सांगायला लागले, किंवा जेवण झाल्यावरही दोन मिनिटं ताटावर बसून राहिले, की समजा लागतंय वळण. तेव्हाच दुसरी वेळ ठरवा, सकाळचा चहा वगैरे, त्याआधी नको.

महिनाभर सगळं करूनही काही हललं नाही, मोबाइल बाजूला ठेवला की चिडचिड होते, झोप उडालीय, कामावर लक्ष नाही, किंवा मोबाइल लपवून ठेवणं चालू आहे, तर हा प्रश्न ताटावर सुटण्यातला नाही. पैशाचं टेन्शन, ऑनलाइन गेम, उदासपणा, काहीही असू शकतं. मग मोबाइलचा विषय बाजूला ठेवून "तुम्हाला काय होतंय" एवढंच विचारा, आणि गरज वाटली तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.