वाईच्या चौसोपी वाड्यात दालनांचा क्रम ठरवताना

गावाच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय प्रथमच मांडणाऱ्याला वाटते की क्रम तर काळानेच ठरलेला आहे आणि आपण फक्त वस्तू ओळीने लावायच्या आहेत. वाईतील एका जुन्या चौसोपी वाड्यासाठी दालनांचा आराखडा करायला मी बसलो तेव्हा माझीही हीच समजूत होती. विराटनगरीच्या आख्यायिकेपासून आरंभ करून अफझलखान, पेशवाई, इंग्रजी अंमल आणि शेवटी विश्वकोश, असा पहिला आराखडा मी केला. उजवीकडचा सोपा सर्वांत मोठा असल्याने सुरुवात तिथून धरली.

सुदैवाने फलक छापण्यापूर्वी आम्ही तो साध्या कागदावर लिहून भिंतींना चिकटवला आणि गावातल्या वीसेक जणांना, काही न सांगता, आत सोडले. प्रत्येकाच्या हालचालीची रेघ वाड्याच्या नकाशावर पेन्सिलीने काढत गेलो आणि कुठे कोण किती वेळ थांबले ते शेजारी लिहिले. नवख्यांनी ही चाचणी कधीही गाळू नये, कारण तिला कागदाखेरीज खर्च नाही आणि आराखड्यातील दोष तिच्यात उघडे पडतात.

आमच्या चाचणीत पहिला दोष दिशेचा निघाला. दक्षिणेकडच्या देवडीतून चौकात आलेले बहुतेक लोक आपसूक डावीकडे वळले, म्हणजे चौक उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेसारखे फिरू लागले. ज्यांना आम्ही हाताने दाखवून उजवीकडे वळवले, त्यांची अडचण वेगळीच होती. बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की त्यांना पुढे सरकायचे होते डावीकडे, आणि मराठी मजकूर तर डावीकडून उजवीकडे वाचायचा. त्यामुळे प्रत्येक लांब फलकाचा शेवट त्यांच्यासमोर आधी येई, आणि वंशावळ किंवा कालरेषा असली की ते मागे जाऊन पुन्हा वाचू लागत. प्रदक्षिणेच्या दिशेने चालणाऱ्याची पावले आणि वाचन मात्र एकाच बाजूला जाते. म्हणून मोठ्या सोप्याचा मोह सोडून आम्ही आरंभ पश्चिमेच्या सोप्यात नेला. (फलक चौकाच्या बाजूच्या खांबांमध्ये लावले तर हा हिशेब उलटा होतो, हे लक्षात ठेवावे.)

दुसरा दोष क्रमाचा होता. तिसऱ्या दालनापासून थांबण्याचा वेळ झपाट्याने कमी होत गेला आणि प्राज्ञपाठशाळेच्या फलकांपर्यंत पोचलेले लोक केवळ चालत राहिले. शिवाय अफझलखानाचा फलक क्रमाने दुसराच असल्याने तिथे सगळी चर्चा प्रतापगडावर जाई आणि वाई मागे पडे. तेव्हा आम्ही काळाऐवजी जागांचा क्रम धरला. पाहुणा नुकताच गणपती घाटावरून आलेला असतो, म्हणून पहिले दालन कृष्णेचे आणि घाटांचे केले. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधले, आणि पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, ही गोष्ट तिथे लहान प्रतिकृतीसह सांगितली. जे त्याने दहा मिनिटांपूर्वी पाहिले, पण मागे वळून पाहिले नाही, ते इथे कळते, आणि परतताना तो घाटावर पुन्हा जातो. दुसऱ्या दालनात रास्त्यांचे वाडे आणि मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा आले. अफझलखान वाईचा सुभेदार होता, या नात्याने तोही इथेच, गावाच्या कारभाराचा एक भाग म्हणून आला. तिसऱ्यात प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत घडलेला मराठी विश्वकोश आला. प्रत्येक दालनाच्या आत काळ सरळच चालतो.

पाठशाळेचे दालन पूर्वेला नेण्यामागे प्रकाशाचेही कारण होते. जुन्या पोथ्यांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये हा रूढ दंडक आहे, आणि उन्हाने झळाळणाऱ्या चौकातून थेट तशा खोलीत गेलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे अक्षरच लागत नाही. त्यामुळे उत्तरेच्या सोप्याची चौकाकडची बाजू पडद्यांनी निम्मी झाकली, जेणेकरून डोळे वाटेतच सरावतील.

एक अडचण आम्हाला पुरती सोडवता आली नाही. वाड्याला दार एकच असल्याने बाहेर पडणारे आणि आत येणारे देवडीत समोरासमोर येतात, आणि शाळेची सहल आली की तिथे कोंडी होते. यावर तूर्त केलेली तजवीज अशी की देवडीत वाचायचे काहीही ठेवलेले नाही आणि पादत्राणांची मांडणी बाहेरच्या ओट्यावर हलवली आहे. सहलीचा अर्धा वर्ग चौकात घाटांच्या मोठ्या नकाशाभोवती बसतो, आणि पहिला अर्धा पूर्वेच्या सोप्यातून चौकात उतरल्यावरच तो उठून पश्चिमेकडे निघतो.