उभ्या वर्तुळात गोळा फिरवायचाय? खाली किमान किती स्पीड हवा ते असं काढा

एका खिळ्याला दोरी, दोरीच्या टोकाला छोटा गोळा, गोळा खाली शांत लटकतोय. आता त्याला आडवा धक्का द्यायचा, एकदाच, आणि हात काढून घ्यायचा. प्रश्न एवढाच की धक्क्यानंतर गोळ्याचा स्पीड कमीत कमी किती असला म्हणजे तो वरून फिरून परत खाली येईल आणि मध्ये कुठेही दोरी ढिली पडणार नाही. उत्तर बऱ्याच जणांना पाठ असतं, रूट फाइव्ह जी एल, पण तो पाच कुठून आला विचारलं की गाडी अडते.

आकडे घेऊनच बघू. खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर L = ०.८ मीटर (नुसती दोरी मोजू नका, गोळ्याची त्रिज्यापण त्यात धरायची), गोळा ०.२ किलोचा, आणि g = ९.८.

स्टेप १: आधी वरच्या टोकाला जा

विचारलंय खालचं, पण सुरुवात वरून करायची, कारण अडचण वरतीच आहे. तिथे स्पीड सगळ्यात कमी झालेला असतो आणि गोळ्याचं वजन सरळ केंद्राकडे, म्हणजे खाली, ओढत असतं. दोरीपण केंद्राकडेच ओढते. वर्तुळात फिरायला केंद्राकडे mv²/L एवढं बल लागतं, ते या दोघांनी मिळून द्यायचं:

T + mg = mv²/L

आता दोरीचा स्वभाव लक्षात घ्या. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणजे T शून्य होऊ शकतो पण शून्याच्या खाली कधीच जात नाही, आणि सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे. स्पीड कमी करत गेलात की उजवी बाजू लहान होत जाते, mg तर तेवढंच राहतं, मग T ला कमी व्हावं लागतं, आणि जिथे T बरोबर शून्य होतो तिथे आपली मर्यादा. (टेन्शन शून्य ही बाकी आयुष्यात चांगली गोष्ट, इथे ती कडेलोटाची वेळ आहे.) T = 0 टाकलं की

v² = gL

आपल्या आकड्यांत gL = ९.८ × ०.८ = ७.८४, म्हणजे वरच्या टोकाला निदान २.८ मीटर प्रति सेकंद स्पीड हवाच.

इथे हमखास शंका येते की दोरी ओढतच नाहीये तर गोळा पडत कसा नाही? पडतोय की! पण तो आडवा एवढ्या वेगात चाललाय की पडता पडता त्याचा रस्ता जेवढा वाकतो तेवढंच ते वर्तुळपण वाकलेलं असतं, म्हणून त्या क्षणाला दोरीची गरजच नसते.

स्टेप २: एनर्जीने खाली उतरा

वरून खाली येताना उंची 2L ने कमी होते. ताण कायम हालचालीच्या काटकोनात असतो त्यामुळे तो काहीच काम करत नाही, काम करतं फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणून खालची गतिज ऊर्जा = वरची गतिज ऊर्जा + mg × 2L, आणि m सगळीकडून उडतो:

v² (खाली) = v² (वर) + 4gL = gL + 4gL = 5gL

हा तो पाच. त्यातले चार उंची चढायला खर्च होतात आणि एक वरती दोरी ताठ ठेवायला शिल्लक लागतो. आपल्या गोळ्यासाठी ५ × ७.८४ = ३९.२, त्याचं वर्गमूळ साधारण ६.२६ मीटर प्रति सेकंद. गोळा दोन किलोचा घेतलात तरी हाच आकडा.

चूक नेमकी कुठे होते

मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा वरचा स्पीड बिनधास्त शून्य धरला, वरपर्यंत पोचला म्हणजे झालं असं वाटलं, आणि उत्तर आलं 4gL, म्हणजे आपल्या आकड्यांत ३१.३६ चं वर्गमूळ, ५.६. दिसायला एकदम व्यवस्थित उत्तर. दोरीच्या जागी हलकी कडक दांडी असती तर ही मर्यादा बरोबरच ठरली असती, कारण दांडी गोळ्याला खालून टेकू देऊ शकते, दोरी नाही.

मग ५.६ ने सोडला तर होतं काय? तेही काढता येतं, कोन वगैरे न घेता. समजा केंद्राच्या वर y उंचीवर दोरी ढिली पडते. तिथे वजनाचा केंद्राकडचा भाग mg × y/L एवढा असतो आणि तो एकटाच mv²/L ला पुरतो, म्हणजे v² = gy. दुसरीकडे एनर्जी सांगते v² = v² (खाली) − 2g(L + y). दोन्ही जुळवलं की

3gy = v² (खाली) − 2gL

३१.३६ मधून १५.६८ गेले, उरले १५.६८, त्याला २९.४ ने भागलं की y = ०.५३ मीटर. म्हणजे टोक अजून २७ सेंटीमीटर वर आहे आणि दोरी ढिली पडलीसुद्धा! आणि गंमत बघा, त्या वेळी गोळा थांबलेला नसतो, चांगला २.३ मीटर प्रति सेकंदाने पळत असतो. तिथून तो फेकलेल्या चेंडूसारखा वर्तुळाच्या आतून जातो, आणखी साधारण १५ सेंटीमीटर वर चढतो, टोकाच्या उंचीला न पोचताच खाली वळतो आणि मग दोरीला एकदम हिसका बसतो. तो हिसका दिसला की समजायचं स्पीड कमी पडला.

याच सूत्रात v² (खाली) = 5gL टाकून बघा, y = L येतं, म्हणजे ढिली पडायची जागा बरोबर टोकावर जाते, आपलं उत्तर तपासून झालं. आणि 2gL पेक्षा कमी असेल (इथे ३.९६ च्या खाली) तर गोळा केंद्राच्या उंचीपर्यंतच जात नाही, नुसता झोका घेतो, दोरी ताठच राहते.

करून बघायचं असेल तर

हातात दोरी धरून गरगर फिरवलं तर हे गणित लागू होत नाही, कारण मनगट थोडं थोडं हलतं आणि प्रत्येक फेरीला एनर्जी घालत राहतं, केंद्र स्थिर हवं. खिळ्याला दोरीची घट्ट गाठ मारलीत तर ती खिळ्याभोवती गुंडाळत जाते आणि L कमी होतो, त्यापेक्षा सैल फिरणारी कडी घाला. हवेचा विरोध आणि कडीचं घर्षण थोडी एनर्जी खातंच, तेव्हा ६.२६ वर बेतून सोडलात तर टोकाजवळ दोरी ढिली पडेल, जरा जास्तच द्या.

आणि दोरा निवडताना खालचा ताण काढून ठेवा. तिथे T = mg + mv²/L, त्यात v² = 5gL टाकलं की 6mg, आपल्याकडे ११.८ न्यूटन. म्हणजे २०० ग्रॅमचा गोळा धक्क्याच्या क्षणी १.२ किलो लटकवल्यासारखा ओढतो, त्यामुळे जो दोरा एक किलो जेमतेम पेलतो तो गोळा वर जायच्या आधी खालीच तुटणार.